तार वाकडी, हिशेब सरळ

बारावीच्या भौतिकशास्त्रात आणि नीट-जेईईच्या प्रश्नसंचांत एक प्रश्न आकडे बदलून बदलून येत असतो. एक तार अर्धवर्तुळात वाकवली आहे. त्रिज्या १० सेंटिमीटर. तारेतून ५ अँपिअर विद्युतधारा वाहते आहे. तार ०.२ टेस्ला इतक्या एकसमान चुंबकीय क्षेत्रात ठेवली आहे आणि क्षेत्राची दिशा तारेच्या प्रतलाला लंब आहे. तर तारेवर एकूण किती बल लागेल?

सूत्र सगळ्यांनाच पाठ असतं: F = BIL. क्षेत्र, धारा आणि लांबी यांचा गुणाकार. मग विद्यार्थी अर्धवर्तुळाची लांबी काढतो, ३१.४ सेंटिमीटर, आणि उत्तर लिहितो ०.३१४ न्यूटन. उत्तरसूचीत मात्र ०.२ न्यूटन छापलेलं असतं. हा आकडा मिळतो तो लांबीच्या जागी २० सेंटिमीटर घातल्यावर. म्हणजे अर्धवर्तुळाचा व्यास, तारेच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर. भूमितीच्या भाषेत जीवा.

पाठ करणाऱ्याचं काम इथं संपतं: ‘वाकडी तार आली की टोकं जोडायची.’ पण जरा थांबून पाहिलं तर ही गोष्ट चमत्कारिक आहे. व्यासावर तार नाहीच, तिथं मोकळी हवा आहे. धारा वाहते ती कंसावरून. मग जिथं धारा नाही, त्या रेषेची लांबी घेऊन बल कसं काय बरोबर येतं? आणि दरवेळी येतं का?

सूत्रातल्या L चा अर्थ

F = BIL हे सूत्र सरळ तारेसाठी आहे, तेही तार क्षेत्राला काटकोनात असेल तेव्हा. बलाची दिशा तार आणि क्षेत्र या दोन्हींना लंब असते. फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमात तर्जनी क्षेत्राकडे, मधलं बोट धारेकडे आणि अंगठा बलाकडे असतो, तो याच तीन दिशांसाठी.

तार वाकडी झाली की तिला एकच अशी दिशा उरत नाही. डावीकडच्या टोकाशी ती सरळ वर चढते, माथ्यावर आडवी होते, उजव्या टोकाशी खाली उतरते. दिशा बदलली की बलाचीही दिशा बदलते. त्यामुळे पूर्ण लांबी सूत्रात एकदम घालता येत नाही. तारेचे इतके लहान तुकडे करावे लागतात, की प्रत्येक तुकडा सरळच मानता येईल. मग प्रत्येक तुकड्यावरचं बल दिशेसकट काढायचं आणि सगळी बलं सदिश पद्धतीनं, म्हणजे दिशेचं भान ठेवून, मिळवायची.

आपल्या तारेवर हे करून पाहू. कागदावर अर्धवर्तुळ काढा, व्यास आडवा, फुगवटा कागदाच्या वरच्या कडेकडे. धारा डाव्या टोकातून शिरून माथ्यावरून उजव्या टोकाकडे जाते. क्षेत्र कागदात आत शिरणारं. डावा हात लावून पाहिला तर कळेल, की प्रत्येक तुकड्यावरचं बल केंद्रापासून बाहेरच्या दिशेनं आहे. डाव्या टोकाजवळचा तुकडा डावीकडे ढकलला जातो, माथ्यावरचा वर, उजव्या टोकाजवळचा उजवीकडे.

आता तारेचे ३० अंशांचे सहा सारखे तुकडे करू. प्रत्येकाची लांबी ५.२४ सेंटिमीटर, त्यामुळे प्रत्येकावर सुमारे ०.०५२४ न्यूटन बल. आकारमान सहाही ठिकाणी सारखं, पण रोख वेगळा. डावीकडचा पहिला तुकडा जवळजवळ आडवा ढकलला जातो. त्याच्या बलातला वरच्या दिशेचा वाटा फक्त ०.०१३६ न्यूटन. दुसऱ्या तुकड्याचा वाटा ०.०३७० आणि माथ्याजवळच्या तिसऱ्याचा ०.०५०६. तिन्हींची बेरीज ०.१०१२. उजव्या बाजूचे तीन तुकडे हाच हिशेब आरशात पाहिल्यासारखा पुन्हा देतात. एकूण ०.२०२ न्यूटन, वरच्या दिशेनं. आडव्या दिशेची बलं जोडीजोडीनं एकमेकांना छेद देतात, कारण डावीकडे जितकी ओढ, तितकीच उजवीकडे.

सहा तुकड्यांवरच उत्तर ०.२ ला येऊन भिडलं. उरलेला किंचित फरक वाकड्या तुकड्याला सरळ मानल्यामुळे राहिला. साठ तुकडे केले तर ०.२०००२ येतं. तुकडे लहान करत गेलो की बेरीज ०.२ वर स्थिरावते. पाठ्यपुस्तकातलं समाकलन म्हणजे हीच बेरीज, तुकडे हवे तितके लहान करून केलेली.

आता ०.३१४ हा आकडा नेमका कशाचा, तेही दिसतं. दिशा विसरून नुसती आकारमानं मिळवली की तो मिळतो. सहा माणसं सहा दिशांना ढकलत असतील, तर त्यांच्या जोराची नुसती बेरीज म्हणजे वस्तूवरचं एकूण बल नव्हे.

तारेनं गाठलेलं अंतर

बेरीज करून उत्तर पटलं. पण ते नेमकं व्यासाइतकंच का आलं, हे बेरजेतून थेट दिसत नाही. त्यासाठी तुकड्यांच्या बलाऐवजी तुकड्यांकडेच पाहायला हवं.

तारेचा कोणताही लहान तुकडा दोन पावलांत मोडता येतो: एक पाऊल व्यासाला समांतर, एक पाऊल व्यासाला लंब. डाव्या अर्ध्या भागात प्रत्येक तुकडा थोडा पुढे जातो आणि थोडा वर चढतो. उजव्या अर्ध्या भागात थोडा पुढे जातो आणि थोडा खाली उतरतो. चढलेलं सगळं उतरलं जातं, कारण दोन्ही टोकं एकाच पातळीवर आहेत. पुढे टाकलेली पावलं मात्र साठत जातात आणि त्यांची बेरीज होते २० सेंटिमीटर.

मुंबईत नरिमन पॉइंटहून मरीन ड्राइव्हच्या कठड्याकडेनं गिरगाव चौपाटीपर्यंत चालत गेलं, तर पायाखाली बरंच जास्त अंतर पडतं. पण आपण मूळ जागेपासून किती आणि कोणत्या दिशेला सरकलो, ते पाण्यावरून काढलेली सरळ रेषाच सांगते. भौतिकशास्त्रात तिला विस्थापन म्हणतात. तारेच्या सगळ्या तुकड्यांची दिशेसकट बेरीज म्हणजे धारेचं आत शिरण्याच्या टोकापासून बाहेर पडण्याच्या टोकापर्यंतचं विस्थापन. तीच जीवा.

आता एकच दुवा जोडायचा राहिला. प्रत्येक तुकड्यावरचं बल काढताना धारा तीच असते, कारण एकाच तारेत सगळीकडे सारखीच धारा वाहते. क्षेत्रही तेच, कारण ते एकसमान आहे असं आपण धरलं आहे. प्रत्येक तुकड्याच्या हिशेबात तोच गुणक असेल, तर तो बेरजेतून बाहेर काढता येतो. आधी प्रत्येक तुकड्यावरचं बल काढून मग बेरीज केली काय, किंवा आधी तुकड्यांची बेरीज करून मग एकदाच बल काढलं काय, उत्तर एकच. सगळी युक्ती या एका वाक्यात आहे. जीवेवरच्या हवेत काही घडत नसतं. जीवा ही फक्त तुकड्यांची बेरीज आहे.

या युक्तिवादात अर्धवर्तुळाचा काही खास गुण कुठंच वापरलेला नाही. म्हणून तार नागमोडी असो, इंग्रजी V सारखी असो, की हातानं वेडीवाकडी वाकवलेली असो, टोकं त्याच दोन जागी असतील तर बल ०.२ न्यूटनच. कंस पाव वर्तुळाचा असेल तर त्याची जीवा त्रिज्येच्या १.४१४ पट, आणि बल त्या प्रमाणात. आणि तार फिरून जिथून निघाली तिथंच परत आली, तर विस्थापन शून्य. म्हणून एकसमान क्षेत्रात ठेवलेल्या कोणत्याही बंद वेटोळ्यावर एकूण बल शून्य असतं, धारा कितीही सोडा.

या कल्पनेचा एक धागा आंद्रे-मारी अँपिअरपर्यंत जातो. १८२० मध्ये कोपनहेगनच्या अर्स्टेडनं धारेमुळे चुंबकसूची हलते हे दाखवलं आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये अँपिअर धारा आणि बल यांच्या मागे लागला. त्याचे काही प्रयोग असे होते, की त्यांत काहीच हलू नये हेच अपेक्षित असायचं. त्यांतल्या एकात सरळ तारेला खेटून तिच्याभोवती बारीक वळणं घेत जाणारी दुसरी तार होती आणि दोन्हींत धारा उलटसुलट सोडलेली होती. शेजारी टांगलेलं धारेचं हलतं मंडल जागचं ढळलं नाही. बारीक वळणांची तार आणि तिची सरळ सोबतीण यांचा परिणाम सारखाच, हे त्यातून सिद्ध झालं. ‘बारीक’ या अटीला इथं महत्त्व आहे. वळणं इतकी लहान होती, की तेवढ्या अंतरात परिस्थिती बदलायला वाव नव्हता. आपल्या प्रश्नात ‘एकसमान क्षेत्र’ ही अट तेच काम मोठ्या वळणासाठी करते.

काट्यावर मोजून

हे सगळं शाळेच्या प्रयोगशाळेत मोजूनही पाहता येतं. सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. लोखंडी पट्टी U आकारात वाकवून तिच्या आतल्या दोन बाजूंना दोन चपटी फेराइट चुंबकं समोरासमोर लावा, विरुद्ध ध्रुव एकमेकांकडे. मधल्या फटीत क्षेत्र तयार होतं. चुंबकांची तोंडं चांगली रुंद आणि फट अरुंद असेल, तर मधल्या भागात क्षेत्र बऱ्यापैकी एकसमान असतं. हा जोड काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. आता स्टँडला पक्की बांधलेली तार वरून फटीत उतरवा, चुंबकाला न टेकता.

तारेचे तीन नमुने करायचे. पहिला चौकोनी U, दुसरा अर्धवर्तुळ, तिसरा V. तिन्हींत एकच गोष्ट सारखी ठेवायची: वर जाणाऱ्या दोन उभ्या तारांमधलं आडवं अंतर, समजा ४ सेंटिमीटर. क्षेत्र ०.१ टेस्ला आणि धारा ३ अँपिअर धरली, तर बल ०.०१२ न्यूटन, म्हणजे सुमारे १.२२ ग्रॅम वजनाइतकं. तारेवर बल वर असेल तर चुंबकावर तेवढंच खाली, म्हणून काटा १.२२ ग्रॅम दाखवेल. तारेच्या उभ्या भागांवरची बलं आडवी असतात, त्यामुळे काट्याच्या आकड्यात ती येतच नाहीत. U, अर्धवर्तुळ आणि V या तिन्हींत तारेची लांबी वेगवेगळी, पण काट्यावरचा आकडा तोच.

आकडे जुळले नाहीत, तर दोष बहुधा ठरावीक जागी सापडतो. V चं टोक किंवा अर्धवर्तुळाचा फुगवटा चुंबकाच्या तोंडाच्या कडेबाहेर गेला, की तिथं क्षेत्र कमजोर असल्यानं बल कमी भरतं. तार फटीत तिरकी उतरली, तर ती एका तोंडाच्या जवळ जाते आणि चुंबकाला टेकण्याची भीती असते. काट्याची ताटली किंवा आतला एखादा भाग लोखंडी असेल, तर चुंबक त्यालाच ओढतं आणि आकडा सरकत राहतो. म्हणून चुंबकाखाली जाड लाकडी ठोकळा ठेवतात. सगळ्यांत उपयोगी पडताळा म्हणजे धारा उलट करून पाहणं. दोन्ही वेळचे आकडे सारखे, फक्त चिन्ह उलट, असं असेल तर आपण धारेमुळे लागणारं बलच मोजतो आहोत. दोन आकड्यांतला फरक निम्मा केला की काट्याच्या शून्यातली लहानसहान चूकही निघून जाते.

क्षेत्राची दिशा बदलली तर

आतापर्यंत क्षेत्र तारेच्या प्रतलाला लंब होतं. ते प्रतलातच असेल तर? जीवेची युक्ती तेव्हाही चालते, फक्त क्षेत्र आणि जीवा यांच्यातला कोन पाहावा लागतो.

क्षेत्र प्रतलात आणि व्यासाला लंब असेल, तर जीवा क्षेत्राला काटकोनातच आहे. बल पुन्हा ०.२ न्यूटन, पण आता ते कागदातून बाहेर किंवा आत. क्षेत्र व्यासाला समांतर असेल, तर जीवा आणि क्षेत्र एकाच रेषेत येतात आणि एकूण बल शून्य.

हे ‘शून्य’ नीट पाहण्यासारखं आहे. क्षेत्र व्यासाला समांतर असताना तारेच्या चढणाऱ्या अर्ध्या भागावर ०.१ न्यूटन बल कागदाच्या एका बाजूला लागतं आणि उतरणाऱ्या अर्ध्या भागावर ०.१ न्यूटन दुसऱ्या बाजूला. बेरीज शून्य खरी, पण ही दोन बलं एका रेषेत नाहीत. एक डावीकडे, एक उजवीकडे. तारेची एक बाजू आत ढकलली जाते, दुसरी बाहेर, आणि तार मधल्या उभ्या अक्षाभोवती फिरू पाहते. या पिळाला बलाचं आघूर्ण म्हणतात. धारा, अर्धवर्तुळाचं क्षेत्रफळ आणि क्षेत्र यांच्या गुणाकारानं ते ०.०१५७ न्यूटन-मीटर येतं. दोन बलांमधलं परिणामी अंतर सुमारे १५.७ सेंटिमीटर आहे, आणि ०.१ न्यूटनला त्यानं गुणलं तरी हेच मिळतं.

आता व्यासावर ठेवलेल्या सरळ तारेचा विचार करा. ती क्षेत्राला समांतर, म्हणून तिच्यावर बल शून्य, पीळही शून्य. अर्धवर्तुळ आणि त्याची जीवा बलाच्या बाबतीत सारखी निघाली, पिळाच्या बाबतीत मात्र नाही. जीवा फक्त एकूण बल सांगते. ते बल तारेच्या कोणत्या भागावर किती वाटलं गेलं आहे, हे ती विसरते. बंद वेटोळ्याचंही तेच. त्यावर एकूण बल शून्य, पण गॅल्व्हानोमीटरचा काटा आणि डीसी मोटरचा आर्मेचर फिरतो तो याच पिळामुळे.

तारेतला ताण

जीवा आणखी एक गोष्ट विसरते. सुरुवातीच्या उदाहरणात आडव्या दिशेची बलं एकमेकांना छेद देऊन हिशेबातून गळाली होती. हिशेबातून गळाली, पण तारेतून नाहीत. डावा अर्धा भाग डावीकडे ०.१ न्यूटननं ओढला जातो आणि उजवा अर्धा भाग उजवीकडे तितक्याच बलानं. ती ओढ तारेलाच सोसावी लागते. तार अगदी लवचीक असेल आणि दोन्ही टोकं धरून ठेवली असतील, तर तिच्यात सगळीकडे ०.१ न्यूटन ताण राहतो: क्षेत्र, धारा आणि त्रिज्या यांचा गुणाकार. टोकांशी हाच ताण दोन्हीकडून खाली ओढतो आणि दोन टोकं मिळून ०.२ न्यूटनचं एकूण बल तोलून धरतात. धारा उलटी केली तर सगळी बलं आत वळतात आणि लवचीक तार कंसाचा आकार टिकवू शकत नाही.

या ताणाचा एक सुंदर उपयोग कणत्वरकांच्या कामात झाला. चुंबकीय क्षेत्रात प्रभारित कण वर्तुळाकार वळतो. त्या वर्तुळाची त्रिज्या कणाच्या संवेगावर ठरते. ताणलेल्या लवचीक तारेच्या कंसाची त्रिज्या ताण भागिले धारा यावर ठरते. हे दोन हिशेब एकाच साच्याचे आहेत. म्हणून ताण आणि धारा योग्य निवडली, तर चुंबकात सोडलेली तार बरोबर त्याच वाटेनं वळते, ज्या वाटेनं एखादा ठरावीक संवेगाचा कण जाईल. फक्त धन प्रभाराच्या कणासाठी तारेतली धारा त्याच्या उलट दिशेनं ठेवावी लागते. कारण कणाला आत वळवणारं बल हवं आणि तारेला बाहेर ताणणारं. या पद्धतीला ‘फ्लोटिंग वायर’ म्हणतात. संगणकावर कणांच्या वाटा काढणं सोपं होण्याआधी प्रयोगशाळांत चुंबकांची पारख अशा तारेनं केली जाई. आपल्या उदाहरणातली ०.१ न्यूटन ताण आणि ५ अँपिअर धारा असलेली तार सुमारे ५५ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट गतिज ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनची वाट दाखवते.

क्षेत्र अर्ध्यावरच संपलं तर

प्रत्यक्षात चुंबकीय क्षेत्राला कडा असते. तारेचा काही भाग क्षेत्रात, काही बाहेर, असं सर्रास होतं, आणि परीक्षेतही विचारतात. अशा वेळी तारेची टोकं जोडणं ही चूक. क्षेत्राच्या आत असलेल्या भागाची टोकं जोडायची: तार जिथं क्षेत्रात शिरते तो बिंदू आणि जिथं बाहेर पडते तो बिंदू.

समजा आपल्या तारेच्या व्यासापासून ६ सेंटिमीटर उंचीवर एक आडवी रेषा आहे आणि क्षेत्र फक्त तिच्या वर आहे. तार त्या रेषेला मध्यापासून दोन्हीकडे ८-८ सेंटिमीटरवर छेदते, कारण ६, ८ आणि १० हे काटकोन त्रिकोणाचे आकडे आहेत. आतल्या भागाची जीवा १६ सेंटिमीटर, बल ०.१६ न्यूटन. उलट क्षेत्र फक्त रेषेच्या खाली असेल, तर तारेचे दोन वेगळे तुकडे क्षेत्रात येतात. प्रत्येकाची जीवा स्वतंत्र काढायची. डावा तुकडा २ सेंटिमीटर पुढे आणि ६ वर, उजवा २ पुढे आणि ६ खाली. दोन्ही मिळून ४ सेंटिमीटर पुढे. बल ०.०४ न्यूटन. दोन्ही उत्तरांची बेरीज पुन्हा ०.२, म्हणजे हिशेब जुळला.

यात एक गोष्ट सहज लक्षात येते. खालच्या दोन तुकड्यांत तारेची ४१ टक्के लांबी आहे, पण बलात त्यांचा वाटा फक्त २० टक्के. टोकांजवळ तार बहुतेक चढ-उतारच करते, पुढे फारशी सरकत नाही.

एकसमान नसेल तेव्हा

क्षेत्राची ताकद किंवा दिशा तारेच्या वाटेत बदलत असेल, तर गुणक बेरजेबाहेर काढताच येत नाही आणि जीवेचा हिशेब कोसळतो. सरळ तारेच्या भोवतालचं क्षेत्र अंतराबरोबर घटतं. तिच्या शेजारी अर्धवर्तुळ ठेवलं, तर जवळच्या भागावर जास्त बल आणि लांबच्या भागावर कमी. तिथं तुकड्यांची बेरीज करण्याशिवाय मार्ग नाही.

सगळ्यांत बोलकं उदाहरण प्रत्येक घरात आहे: लाऊडस्पीकर. त्याच्या कागदी शंकूमागे तारेची गोल कॉइल असते. ती बंद वेटोळ्यांचीच म्हणायची. प्रत्येक वेढा जिथून निघाला जवळजवळ तिथंच परत येतो. जीवेच्या हिशेबानं तिच्यावर बल शून्य यायला हवं. तरी ती शंकूला पुढेमागे हलवते, आणि आवाज त्यातूनच निघतो. कारण स्पीकरच्या चुंबकाची रचना मुद्दाम अशी केलेली असते, की फटीतलं क्षेत्र मध्यापासून सगळीकडे बाहेर, त्रिज्येच्या दिशेनं पसरतं. तारेची दिशा जशी फिरते, तशी क्षेत्राचीही दिशा तिच्याबरोबर फिरते. त्यामुळे प्रत्येक तुकड्यावरचं बल एकाच बाजूला, कॉइलच्या अक्षाच्या दिशेनं लागतं आणि काहीच छेदलं जात नाही. २.५ सेंटिमीटर व्यासाची ५० वेढ्यांची कॉइल, १ टेस्ला क्षेत्र आणि १ अँपिअर धारा धरली, तर तारेची पूर्ण लांबी सुमारे ३.९ मीटर आणि बल सुमारे ३.९ न्यूटन, ४०० ग्रॅम वजनाइतकं. अर्धवर्तुळाच्या प्रश्नात चुकीचं ठरलेलं पूर्ण लांबीचं सूत्र इथं अगदी बरोबर आहे.

म्हणून वाकड्या तारेचा प्रश्न समोर आला, की आकार पाहण्याआधी क्षेत्र पाहावं. ते तारेच्या वाटेवर सगळीकडे सारखं, त्याच दिशेचं असेल, तर टोकं जोडा आणि दोन ओळींत उत्तर लिहा. प्रश्न पिळाचा किंवा ताणाचा असेल, किंवा क्षेत्र जागोजागी बदलत असेल, तर जीवा बाजूला ठेवून तुकड्यांकडे परत जावं लागतं.